‘मी पुस्तक वाचले’ आणि ‘मी पुस्तक विसरले’: प्रयोग ओळखायचा कसा, बदलायचा कसा

प्रश्न: स्पर्धा परीक्षेसाठी मराठी व्याकरण करतेय. ‘मी पुस्तक वाचले’ कर्मणी आणि ‘मी पुस्तक विसरले’ कर्तरी, असं उत्तरसूचीत आहे. मला तर दोन्ही वाक्यं सारखीच दिसतात. ‘आईने मुलाला गोष्ट सांगितली’ हे मी भावे लिहिलं, तेही चुकलं. प्रयोग बदलताना काळ बदलला तर चालतो का? ओळखायची खात्रीची रीत कोणती?

उत्तर:

उत्तरसूची बरोबर आहे. तुमचा गोंधळही साहजिक आहे, कारण या दोन वाक्यांत ‘मी’ आहे आणि प्रयोगाच्या बाबतीत ‘मी’ हा सर्वांत फसवा शब्द. मी बरीच वर्षं हा भाग शिकवतो. माझा अनुभव असा की विद्यार्थी व्याख्येत चुकत नाहीत. ते चुकतात ते ‘ने’ दिसला की कर्मणी आणि ‘ला’ दिसला की भावे, अशी खूणगाठ बांधून घेतल्यामुळे. ती खूणगाठ आधी सोडा.

तिच्या जागी एकच गोष्ट धरा. मराठी क्रियापद वाक्यात उघडं नाम शोधत असतं. उघडं म्हणजे ज्याला ने, नी, ला, ना असा प्रत्यय लागलेला नाही ते. कर्ता उघडा असेल तर क्रियापद त्याच्यामागे जातं, तो कर्तरी. कर्ता ‘ने’खाली झाकला गेला आणि कर्म उघडं राहिलं, तर क्रियापद कर्मामागे जातं, तो कर्मणी. कर्ताही झाकलेला आणि कर्मही झाकलेलं, किंवा कर्मच नाही, तर क्रियापदाला धरायला काही उरत नाही. मग ते तृतीयपुरुषी, नपुंसकलिंगी, एकवचनी रूपात थांबतं, तो भावे.

आता तुमची दोन वाक्यं. ‘मी’ काढा आणि तिथे ‘भाऊ’ घाला. ‘वाचले’च्या वाक्यात तुम्हाला आपोआप ‘भावाने पुस्तक वाचले’ म्हणावं लागतं. ‘भाऊ पुस्तक वाचला’ असं जिभेवर येतच नाही. ‘विसरले’च्या वाक्यात मात्र ‘भाऊ पुस्तक विसरला’ असंच येतं. म्हणजे पहिल्या वाक्यातला ‘मी’ झाकलेला होता, दुसऱ्यातला उघडा. मी, तू, आम्ही, तुम्ही या चार सर्वनामांना आजच्या मराठीत ‘ने’ लागत नाही, म्हणून झाकण दिसत नाही एवढंच. जुन्या मराठीत ते दिसायचं: ‘म्यां पुस्तक वाचिले’, ‘त्वां पुस्तक वाचिले’. म्यां आणि त्वां ही तृतीयेची रूपं होती. ती मागे पडली, पण त्यांचं काम आजचे मी आणि तू करतात.

पुढची पायरी म्हणजे वाक्य हलवून बघणं, आणि ते एका वेळी एकच नाम बदलून. ‘भावाने पुस्तक वाचले’ मध्ये भाऊ काढून बहीण आणा: ‘बहिणीने पुस्तक वाचले’. क्रियापद हललं नाही. आता कर्ता तसाच ठेवून पुस्तकाच्या जागी कादंबरी आणा: ‘भावाने कादंबरी वाचली’. क्रियापद हललं. कर्मामुळे हललं, म्हणून कर्मणी. दुसरं वाक्य घ्या. ‘भाऊ पुस्तक विसरला’, ‘बहीण पुस्तक विसरली’: कर्त्याबरोबर हललं. ‘भाऊ वही विसरला’: कर्म बदलल्यावर जागचं हललं नाही. म्हणून कर्तरी. इथे घाई करून दोन्ही नामं एकदम बदलू नका. क्रियापद कोणामुळे हललं ते मग कळत नाही, आणि मुलं नेमकं तेच करतात. नवं नाम आधीच्यापेक्षा वेगळ्या लिंगाचं असावं, आणि बदलताना प्रत्यय होता तसाच ठेवावा.

मग ‘मी पुस्तक विसरले’ मधलं ‘विसरले’ आलं कुठून? ते स्त्रीच्या तोंडचं रूप आहे: मी आले, मी गेले, मी विसरले. पुरुष ‘मी पुस्तक विसरलो’ म्हणेल. ‘मी पुस्तक वाचले’ मात्र पुरुषही म्हणेल आणि स्त्रीही. ही खूण ‘मी’च्या वाक्यांना फार उपयोगी पडते. बोलणारा पुरुष असल्यावर क्रियापद -लो होत असेल तर कर्तरी. विदर्भात अनेक स्त्रिया ‘मी गेली’, ‘मी विसरली’ म्हणतात. त्या बोलीत तर कर्त्याशी असलेलं नातं लपतच नाही.

छापील वाक्य डोळ्यांनी न वाचता मोठ्याने बोलून बघितलं तर आणखी एक गोष्ट कळते. लेखी मराठीत ‘-ले’ या एकाच रूपाआड तीन वेगळी रूपं असतात, आणि बोलताना त्यातलं एकच बदलतं. ‘मी पुस्तक वाचले’ आपण घरात ‘मी पुस्तक वाचलं’ असं बोलतो. ‘मी पुस्तक विसरले’ हे बाईच्या तोंडी ‘विसरले’च राहतं. ‘मुलींनी लाडू खाल्ले’ हेही ‘खाल्ले’च राहतं, कारण ते पुल्लिंगी अनेकवचन आहे, लाडवांचं. म्हणजे ‘-ले’चं ‘-लं’ झालं तरच ते नपुंसकलिंगी एकवचन. न झालं तर क्रियापदाने कुठलं तरी उघडं नाम धरलेलं आहे आणि भावेचा प्रश्नच मिटला. याची मर्यादाही सांगतो. ‘-लं’ झालं म्हणून भावे ठरत नाही. ‘मूल झोपलं’ कर्तरी आहे, ‘भावाने पुस्तक वाचलं’ कर्मणी आहे, कारण मूल आणि पुस्तक ही नामंच नपुंसकलिंगी आहेत. तिथे नाम बदलून बघावंच लागतं: मुलगा झोपला, भावाने वही वाचली. कानामुळे निम्मी उत्तरं गळतात, बाकीची हलवून ठरतात.

विसरणे, वाचणे यांत असा फरक का, हे कळलं की यादी पाठ करणं सोपं जातं. मराठीतला भूतकाळी -ला संस्कृतच्या कर्मणी धातुसाधितातून आला आहे. संस्कृतात ‘बालकेन ग्रन्थः पठितः’ म्हणजे ‘बालकाकडून ग्रंथ वाचला गेला’ अशी रचना. तीच ‘मुलाने ग्रंथ वाचला’ होऊन आपल्याकडे आली, तृतीयेच्या ‘ने’सकट. पण जाणे-येणे अशा क्रियांना संस्कृतातही हे रूप कर्तरी अर्थाने चालायचं, ‘रामः गृहं गतः’. म्हणून ‘राम घरी गेला’ हा कर्तरी. एकंदरीत सकर्मक धातू भूतकाळात ‘ने’ मागतात, अकर्मक मागत नाहीत.

काही सकर्मक धातू मात्र अकर्मकांच्या पंगतीत बसतात, आणि परीक्षेत वाक्यं त्यांचीच येतात. विसरणे, शिकणे, बोलणे, नेसणे, पिणे, भेटणे हे त्यातले नेहमीचे. तो धडा शिकला, ती खोटं बोलली, ती पैठणी नेसली, बाळ दूध प्यायलं, तो मला भेटला. सगळी कर्तरी. जिंकणे हा धातू दोन्हीकडे चालतो: ‘ती स्पर्धा जिंकली’ कर्तरी, ‘तिने स्पर्धा जिंकली’ कर्मणी, आणि दोन्ही वाक्यं शुद्ध. म्हणणे या धातूने तर दोन रूपं वाटून घेतली आहेत. ‘तो म्हणाला’ कर्तरी, ‘त्याने आरती म्हटली’ कर्मणी. हे मला फार सुंदर वाटतं, आणि मुलांना सांगितलं की त्यांच्याही लक्षात राहतं.

आता ‘आईने मुलाला गोष्ट सांगितली’. तुम्हाला ‘मुलाला’ दिसलं आणि कर्म झाकलेलं वाटलं. पण क्रियापदाला विचारा, काय सांगितलं? गोष्ट. ते कर्म, आणि ते उघडं आहे. ‘मुलाला’ हे ‘कोणाला’चं उत्तर, सांगणं ज्याच्यापर्यंत पोचलं तो. हलवून बघा. मुलाच्या जागी मुलींना आणा, ‘आईने मुलींना गोष्ट सांगितली’, क्रियापद ढिम्म. गोष्टीच्या जागी किस्सा आणा, ‘आईने मुलाला किस्सा सांगितला’, हललं. कर्मणी. देणे, सांगणे, शिकवणे, विचारणे, दाखवणे या धातूंच्या वाक्यांत ‘ला’ दिसला तर आधी दुसरं उघडं कर्म आहे का ते शोधायचं. ‘गुरुजींनी मुलांना कविता शिकवली’ कर्मणी, पण ‘गुरुजींनी मुलांना शिकवले’ भावे, कारण उघडी कविता निघून गेली.

खरा भावे असा दिसतो: ‘शिपायाने चोराला पकडले’. ‘शिपायाने’चं ‘शिपायांनी’ करा, ‘चोराला’चं ‘चोरांना’ करा, ‘चोराला’ऐवजी ‘बाईला’ म्हणा, ‘पकडले’ काही केल्या बदलत नाही. बोलताना ‘पकडलं’. हेच ‘शिपायाने चोर पकडला’ असं लिहिलं की कर्मावरचं झाकण निघालं, कर्मणी. ‘ला’ लागतो तो बहुधा माणसांना, ओळखीच्या प्राण्यांना. म्हणून ‘त्याने दगडाला फेकले’ हे प्रयोगाच्या हिशेबाने भावे असलं तरी कोणी मराठी माणूस तसं बोलत नाही. निर्जीव कर्माचं वाक्य भावेत बदलायला सांगितलं, तर प्रश्नच कच्चा आहे असं मी मानतो.

इथून प्रयोग बदलण्याकडे येऊ. बदलणं म्हणजे कर्त्यावर किंवा कर्मावर झाकण घालणं किंवा काढणं. पण झाकण आपल्या मर्जीने घालता येत नाही, त्याची परवानगी क्रियापदाच्या रूपात असते. -तो आणि -ईल ही रूपं कर्ता उघडाच मागतात, ‘गवळ्याने गाय बांधतो’ होत नाही. ‘ने’ची परवानगी देतात ती मुख्यतः दोन रूपं: सकर्मक धातूचं -ला हे भूतकाळी रूप, आणि सकर्मक-अकर्मक दोन्हींचं -वा हे विध्यर्थी रूप. त्यामुळे तुमच्या काळाच्या प्रश्नाचं उत्तर असं की बहुतेक वेळा काळ किंवा अर्थ बदलावाच लागतो. मराठीत प्रयोग आणि काळ एकमेकांना बांधलेले आहेत.

एक वाक्य शेवटपर्यंत नेऊ. ‘गवळी गाय बांधतो.’ कर्ता उघडा, क्रियापद त्याच्यामागे, गवळण आणली तर ‘बांधते’. कर्तरी. याचा कर्मणी करायचा तर कर्त्याचं सामान्यरूप करून ‘ने’ लावायचा, गवळी-गवळ्याने, कर्म तसंच उघडं ठेवायचं, आणि क्रियापद -ला रूपात आणून गाईशी जुळवायचं: ‘गवळ्याने गाय बांधली.’ भावे करायचा तर आता कर्मही झाकायचं: ‘गवळ्याने गाईला बांधले.’ विध्यर्थातून गेलात तर ‘गवळ्याने गाय बांधावी’ कर्मणी आणि ‘गवळ्याने गाईला बांधावे’ भावे. क्रम लक्षात घ्या: आधी कर्ता, मग कर्म, क्रियापद सर्वांत शेवटी. क्रियापद आधी बदलणारी मुलं ‘गवळ्याने गाय बांधला’ लिहून बसतात. कर्त्याला ‘ने’ लावलेला असतो, पण मनातून क्रियापद अजून त्याच्याशीच बांधलेलं असतं.

प्रश्नात ‘काळ न बदलता’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल, तर एकच वाट उरते, ‘जाणे’चं साहाय्य: ‘गवळ्याकडून गाय बांधली जाते.’ याला काही पुस्तकं नवीन कर्मणी म्हणतात, काही कर्मकर्तरी. पर्यायांत जे नाव दिलं असेल ते निवडावं. बोलताना आपण असं म्हणत नाही. ही रचना शोभते ती कर्ता सांगायचा नसतो तिथे: ‘चोर पकडला गेला’. सरकारी मराठीतलं ‘रस्ता बंद करण्यात आला आहे’ हेही याच जातीचं काम करतं. कर्ता गायब, क्रियापद रस्त्यामागे.

उलट दिशेने जाताना झाकणं काढायची. ‘सुताराने खुर्च्या बनवल्या’ याचा कर्तरी ‘सुतार खुर्च्या बनवतो’. भूतकाळच हवा असेल तर ‘सुतार खुर्च्या बनवत होता’ किंवा ‘बनवत असे’. काळ राहिला, पण काम पुरं झाल्याचा अर्थ गेला, ते आधीच ध्यानात ठेवून लिहावं. ‘सुतार खुर्च्या बनवला’ हे मात्र मराठीच नाही.

विसरणे-शिकणेच्या टोळीचं काय करायचं? ‘मुलगी धडा शिकली’ याचा कर्मणी -ला रूपात करता येत नाही, कारण हे धातू तिथे ‘ने’ घेत नाहीत. ‘तिने साडी नेसली’ असं हल्ली कानावर येतं, पण परीक्षेत ते लिहू नका. यांच्यासाठी -वा वापरायचा: ‘मुलीने धडा शिकावा’, ‘तिने साडी नेसावी’, ‘त्याने ते नाव विसरावे’. शेवटच्यात नावाऐवजी गोष्ट घातली की ‘विसरावी’ होतं. कर्मणी पक्का.

अकर्मक वाक्याचा कर्मणी कधीच होत नाही, कर्म नाही तर क्रियापद धरणार कशाला? ‘मुले पळतात’ याचा थेट भावे: ‘मुलांनी पळावे.’ पण -वा दिसलं की भावे, ही नवी खूणगाठ बांधू नका. ‘पाऊस पडावा’ यात पाऊस उघडा आहे, ‘गार पडावी’ म्हटलं की क्रियापद हलतं, म्हणजे कर्तरी. ‘पावसाने पडावे’ म्हटलं तर भावे.

झाकण ‘ला’चंही असू शकतं, तेही कर्त्यावर. ‘आजीला आता पायऱ्या चढवत नाहीत.’ चढणारी आजीच आहे, पण ती ‘ला’खाली, आणि क्रियापद पायऱ्यांशी जुळलंय. एकच डोंगर असता तर ‘चढवत नाही’. हा शक्य कर्मणी. ‘आजीला आता चालवत नाही’ यात कर्मही नाही, म्हणून भावे. इथला ‘चढव-’ प्रयोजकाचा नाही, ‘जमणे’ या अर्थाचा आहे. ‘माळी वेल मांडवावर चढवतो’ मधला चढव- वेगळा. ‘मला आंबे आवडतात’ हे वाक्यही असंच वाटतं, पण शालेय परंपरा तिथे ‘आवडणारे कोण?’ असं विचारते, उत्तर ‘आंबे’ येतं, म्हणून आंबे हाच कर्ता आणि प्रयोग अकर्मक कर्तरी.

‘तू पुस्तक वाचलेस’ अशी वाक्यं पर्यायांत ‘संकर’ या नावाने येतात. ‘वाचले’पर्यंत क्रियापद पुस्तकाचं आहे, कादंबरी आणली तर ‘वाचलीस’ होईल, आणि टोकाचा ‘स’ तू या कर्त्याचा. दोघांनी एकच क्रियापद धरलंय, म्हणून कर्तृ-कर्म संकर. ‘स’ नसलेलं ‘तू पुस्तक वाचले’ निव्वळ कर्मणी. ‘आईने मुलीला शाळेत घातली’ यात मुलगी झाकलेली असूनही क्रियापद तिच्याशी जुळलंय. नियमाने ‘घातले’ हवं होतं. बोलण्यात हे येतं, आणि त्याला कर्म-भाव संकर म्हणतात.

आता ही चार वाक्यं उत्तरं झाकून स्वतः हलवून बघा. ‘तिने मला हाक मारली’: कर्मणी, कर्म हाक, ‘मला’ नव्हे, आवाज दिला म्हटलं की ‘दिला’. ‘मी दार लावले’: कर्मणी, भावाने दार लावलं, भावाने खिडकी लावली. ‘आज लवकर उजाडले’: भावे, उजाडणारं कोणी नाहीच, हा अकर्तृक. ‘मी दार लावायला विसरले’: कर्तरी, कारण इथे मुख्य क्रियापद विसरणे आहे, आणि भाऊ दार लावायला विसरला.